फॉल्ट झालेली इन्स्ट्रक्शन डिस्कची वाट पाहत बसत नाही

प्रश्न: पुस्तकात पेज फॉल्टचं सहा पायऱ्यांचं चित्र आहे: ट्रॅप, पेज कुठे आहे ते शोधा, मोकळी फ्रेम घ्या, डिस्कवरून वाचा, पेज टेबल दुरुस्त करा, इन्स्ट्रक्शन पुन्हा सुरू करा. पायऱ्या पाठ आहेत. पण मुलाखतीत विचारलं की डिस्क वाचून होईपर्यंत सीपीयू थांबून राहतो का, तेवढा वेळ ती इन्स्ट्रक्शन कुठे असते, आणि नंतर ती अर्ध्यातून पुढे जाते की पहिल्यापासून? मला धड सांगता आलं नाही. कोणी नीट समजावेल का?

उत्तर:

सीपीयू थांबत नाही, इन्स्ट्रक्शन कुठेच नसते, आणि ती पहिल्यापासून चालते. यातलं ‘कुठेच नसते’ हे पचायला जड आहे, आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. चित्रातले बाण पाहून असं वाटतं की इन्स्ट्रक्शनने एक बाइट मागितला, कर्नल तो आणायला डिस्ककडे गेला आणि आणून तिच्या हातात ठेवला. प्रत्यक्षात कर्नल तिच्या हातात काहीच ठेवत नाही. ती वाचत होती की बेरीज करत होती, कुठल्या रजिस्टरमध्ये उत्तर हवं होतं, हे तो सहसा बघतही नाही. त्याला फक्त पत्ता कळतो आणि प्रवेश कुठल्या प्रकारचा होता ते कळतं. तो परिस्थिती बदलतो आणि बाजूला होतो. इन्स्ट्रक्शन नव्याने येते, नव्याने मागते, आणि या वेळी तिला मिळतं.

बारकावे प्रोसेसर, कर्नलची आवृत्ती आणि फाइलसिस्टीम यांप्रमाणे बदलतात. म्हणून मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते: एक्स८६-६४ वरचं लिनक्स, ४ केबीची पेजेस, स्थानिक डिस्कवरची १ जीबीची फाइल, आणि ती `mmap` ने जोडलेली.

```c
int fd = open("data.bin", O_RDONLY);
char *p = mmap(NULL, 1 << 30, PROT_READ, MAP_PRIVATE, fd, 0);
char c = p[500000];
```

`mmap` परत आलं तेव्हा फाइलमधला एकही बाइट वाचलेला नसतो. कर्नलने फक्त एक नोंद केलेली असते की अमुक पत्त्यापासून अमुक पत्त्यापर्यंतचा पट्टा या फाइलचा आहे आणि तो फक्त वाचता येतो. या नोंदीला व्हीएमए म्हणतात. समजा `p` ची किंमत `0x7f3a40000000` आली. ५,००,००० म्हणजे हेक्समध्ये `0x7a120`, तेव्हा आपला पत्ता `0x7f3a4007a120`. शेवटचे तीन हेक्स अंक, `120`, म्हणजे पेजच्या आतली जागा, २८८ वा बाइट. त्याच्या आधीचा `7a` म्हणजे १२२. म्हणजे फाइलचं १२२ क्रमांकाचं पेज हवंय. हा आकडा लक्षात ठेवा.

तिसऱ्या ओळीचं कंपायलरने साधारण असं केलेलं असेल:

```
movzbl 0x7a120(%rax), %eax
```

हे उदाहरण मुद्दाम निवडलंय. पत्ता ज्या रजिस्टरमधून काढायचा (`rax`) त्याच रजिस्टरच्या खालच्या अर्ध्यात (`eax`) उत्तर ठेवायचं आहे. आता कल्पना करा की इन्स्ट्रक्शन अर्धवट झाली, `eax` मध्ये काहीतरी कचरा पडला आणि मग फॉल्ट आला. पुन्हा सुरू करायची म्हटलं तर पत्ता काढायला `rax` शाबूत कुठे आहे? पहिल्यापासून चालवणं शक्य व्हायचं तर पहिल्या प्रयत्नाची खूण मागे राहता कामा नये. ती जबाबदारी हार्डवेअरची आहे आणि ते ती चोख पार पाडतं.

सीपीयू आधी टीएलबीमध्ये बघतो, तिथे हे पेज नाही. टीएलबीत नसणं म्हणजे पेज फॉल्ट नव्हे. एक्स८६ मध्ये त्यानंतर हार्डवेअरच पेज टेबल चालत जातं: पत्त्याचे ९-९ बिट घेत चार पातळ्या, आणि उरलेले १२ बिट पेजच्या आतले. वाटेत एखाद्या नोंदीत ‘हजर’ बिट शून्य सापडला की चालणं थांबतं. आपली जोडणी अगदी ताजी असल्यामुळे कदाचित शेवटच्या पातळीचं टेबलसुद्धा अजून बनलेलं नसेल. सीपीयूला त्याने फरक पडत नाही.

आता आजचे प्रोसेसर इन्स्ट्रक्शन रांगेतच चालवतात असं नाही. आपल्या `movzbl` च्या नंतरच्या दहा-वीस इन्स्ट्रक्शन आधीच होऊन बसलेल्या असू शकतात. म्हणून फॉल्ट सापडला तरी लगेच आरडाओरडा होत नाही. `movzbl` ची पक्की होण्याची पाळी येईपर्यंत सीपीयू थांबतो. तिच्या आधीच्या सगळ्या पक्क्या होतात, तिचं आणि तिच्या नंतरच्यांचं सगळं अर्धवट काम फेकून दिलं जातं. तुमच्या ‘ती कुठे असते’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ती रद्द झाली. रजिस्टरांची अवस्था जणू ती कधी सुरूच झाली नव्हती अशी आहे आणि `rax` मध्ये अजून `p` चीच किंमत आहे.

मग सीपीयू १४ क्रमांकाचा एक्सेप्शन उठवतो. चुकलेला पत्ता तो सीआर२ या रजिस्टरमध्ये ठेवतो, कर्नलच्या स्टॅकवर जातो आणि तिथे काही गोष्टी ढकलतो: जुना स्टॅक पॉइंटर, फ्लॅग्ज, `rip` आणि एक एरर कोड. पुस्तकं याला सरसकट ट्रॅप म्हणतात. इंटेलच्या मॅन्युअलमध्ये मात्र ट्रॅप आणि फॉल्ट हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि तुमच्या मुलाखतीसाठी तो फरक कामाचा आहे. ट्रॅपमध्ये, उदाहरणार्थ डीबगरच्या ब्रेकपॉइंटमध्ये, साठवलेला `rip` पुढच्या इन्स्ट्रक्शनकडे बोट दाखवतो. फॉल्टमध्ये तो त्याच इन्स्ट्रक्शनकडे बोट दाखवतो. ‘पुन्हा सुरू करा’ ही सहावी पायरी कर्नल वेगळी करतच नाही. तिची सोय पहिल्याच पायरीत होऊन गेलेली असते.

एरर कोड म्हणजे तीन-चार बिटांचा सारांश. शून्यावा बिट: पेज हजर होतं पण परवानगी नव्हती का. पहिला: लिहायला गेलात का. दुसरा: युजर मोडमधून आलात का. आपण युजर मोडमधून वाचत होतो आणि पेज हजर नव्हतं, म्हणून फक्त दुसरा बिट लागला, कोड ४. प्रोग्राम कोसळल्यावर `dmesg` मध्ये `segfault at 0 ip ... error 4` अशी ओळ तुम्ही पाहिली असेल. तो ४ हाच. ६ दिसला तर नसलेल्या पेजवर लिहायला गेला होता, ७ दिसला तर पेज होतं पण लिहायची मुभा नव्हती. कोअर फाइल उघडण्याआधी मी हा आकडा बघते, अर्धा अंदाज तिथेच येतो.

कर्नलमध्ये शिरल्यावर उरलेली रजिस्टरं स्टॅकवर जातात आणि सीआर२ वाचून बाजूला ठेवला जातो. हे इंटरप्ट बंद असतानाच होतं, कारण मध्येच दुसरा फॉल्ट आला तर तो सीआर२ वर स्वतःचा पत्ता लिहून मोकळा होईल. त्यानंतर इंटरप्ट पुन्हा सुरू होतात. इथून पुढे हे कर्नलमधलं साधं कामकाज आहे, आणि तेही त्याच थ्रेडच्या वतीने. बरेच जण पेज फॉल्टला डिस्क इंटरप्टच्या पंगतीला बसवतात आणि मग अडतात की इंटरप्ट हँडलर झोपू शकत नाही, तर हा कसा झोपतो? हा झोपू शकतो, कारण तो त्या थ्रेडमुळेच उद्भवलाय आणि त्या थ्रेडच्या स्वतःच्या कर्नल स्टॅकवर चाललाय. एक्स८६-६४ वर तो १६ केबीचा असतो. डिस्क वाचेपर्यंत जी एकमेव गोष्ट जपून ठेवलेली असते ती म्हणजे या स्टॅकवरची रजिस्टरांची प्रत.

आता कर्नल विचारतो, हा पत्ता कोणाच्या पट्ट्यात येतो? इथे पेज टेबल कामाचं नाही, ते तर रिकामंच आहे. इथे `mmap` च्या वेळची व्हीएमए नोंद कामाला येते. पट्टाच सापडला नाही किंवा परवानगी जुळली नाही तर `SIGSEGV`. पट्टा सापडला पण फाइल तेवढी लांब नाही, किंवा डिस्कने वाचताना चूक दिली, तर `SIGBUS`.

`SIGSEGV` वरून आठवलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सेवेत त्याचा हँडलर लिहिला होता. त्यात लॉगमध्ये एक ओळ टाकायची आणि परत यायचं. सकाळी पाहिलं तर लॉगने डिस्क गच्च भरली होती आणि प्रोसेस एक कोअर शंभर टक्के खात होती. कारण सरळ आहे. हँडलर परत आला की तीच इन्स्ट्रक्शन पहिल्यापासून चालते, परिस्थिती काही बदललेली नसते, पुन्हा फॉल्ट, पुन्हा ओळ. इन्स्ट्रक्शन खरोखर पुन्हा सुरू होते हे मला चित्रातून नव्हे तर त्या रात्री कळलं.

आपला पट्टा वैध आहे. मग कर्नल फाइलचं १२२ क्रमांकाचं पेज पेज कॅशमध्ये शोधतो. तिथे असेल, म्हणजे दुसऱ्या कोणी ते नुकतंच वाचलं असेल, तर फक्त पेज टेबलात नोंद करायची आणि परत. हा मायनर फॉल्ट, साधारण एका मायक्रोसेकंदाच्या आसपासचं काम. नसेल तर मेजर फॉल्ट. आपल्या गोष्टीत ते पेज कॅशमध्ये नाही.

पुस्तकातली ‘मोकळी फ्रेम नसेल तर एखादं पेज बाहेर काढा’ ही पायरी प्रत्येक फॉल्टमध्ये येत नाही. `kswapd` नावाचा कर्नल थ्रेड थोड्या फ्रेम कायम मोकळ्या ठेवण्याच्या मागे असतो, त्यामुळे सहसा फ्रेम लगेच मिळते. मशीन मेमरीने पार पिचलेलं असेल तरच फॉल्ट घेणाऱ्या थ्रेडला स्वतः जागा करावी लागते, आणि मग डिस्क वाचायला सुरुवात होण्याआधीच उशीर होतो.

दुसरं, कर्नल एकच पेज मागवत नाही. डिस्कपर्यंत जायचंच आहे तर शेजारीपाजारीही घेऊन येऊ, असा त्याचा हिशेब. नेहमीची मर्यादा १२८ केबी, म्हणजे ३२ पेजेस. `mmap` वर असा विखुरलेला फॉल्ट आला की तो निम्मी खिडकी आधीची आणि निम्मी नंतरची घेतो. १२२ मधून १६ वजा केले की १०६, तिथून ३२ पेजेस म्हणजे १०६ ते १३७. या ३२ फ्रेम आधी पेज कॅशमध्ये ठेवल्या जातात, प्रत्येकीवर कुलूप असतं आणि ‘मजकूर अजून आलेला नाही’ अशी खूण असते. हा क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्या थ्रेडलाही याच क्षणी १२२ हवं झालं तर त्याला कॅशमध्ये कुलूप लावलेली फ्रेम दिसते आणि तो तिच्यापाशी थांबतो. डिस्कला तीच विनंती दोनदा जात नाही.

मग विनंती ब्लॉक लेयरमधून ड्रायव्हरकडे जाते. एनव्हीएमई डिस्क असेल तर ड्रायव्हर मेमरीतल्या एका रांगेत कमांड लिहितो आणि डिस्कच्या एका रजिस्टरमध्ये ‘रांगेत काहीतरी आलंय’ असं लिहितो. एवढ्यावर सीपीयूचं काम संपतं. आपला थ्रेड झोपतो, शेड्युलर दुसऱ्याला बसवतो. `ps` मध्ये अशा थ्रेडची अवस्था `D` दिसते. सीपीयू थांबला असता तर काय गेलं असतं ते बघा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला अर्ध्या फेऱ्यालाच ४.१७ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड सरकण्याचा वेळ धरला की १० मिलिसेकंदांच्या घरात जातं. ३ गिगाहर्ट्झवर ते ३ कोटी सायकल. चांगल्या एनव्हीएमईवर ते शंभरेक मायक्रोसेकंदांवर येतं, तरी ३ लाख सायकल झाल्याच.

झोपण्याआधी कर्नल एक गोष्ट करतो जी पुस्तकातल्या चित्रात नसते. व्हीएमएवरचं कुलूप सोडून देतो. कुलूप धरून झोपला असता तर त्याच प्रोसेसच्या दुसऱ्या थ्रेडला `mmap` किंवा `munmap` करायला डिस्कची वाट बघावी लागली असती. पूर्वी या अडवणुकीचा फार त्रास होई. नव्या कर्नलांत प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र कुलूप असल्याने तो कमी झालाय.

डिस्क डीएमएने मजकूर थेट त्या ३२ फ्रेममध्ये ओतते, सीपीयू एकही बाइट हलवत नाही. काम झालं की इंटरप्ट येतो. त्या वेळी सीपीयूवर दुसरीच कुठली तरी प्रोसेस चालू असते, बिचारीचा या सगळ्याशी संबंध नसतो. तिच्या वेळातले काही मायक्रोसेकंद घेऊन कर्नल त्या फ्रेमवर ‘मजकूर आला’ अशी खूण करतो, कुलूप काढतो आणि थांबलेल्यांना उठवतो. लक्षात घ्या, पेज टेबल अजून रिकामंच आहे. इंटरप्टने ते भरलेलं नाही.

आपला थ्रेड जागा झाला. आता तो सरळ पुढे जाऊन पेज टेबलात नोंद करेल असं वाटतं. तसं होत नाही. मधल्या वेळात त्याने कुलूप सोडलेलं होतं, तेव्हा दुसऱ्या थ्रेडने तो पट्टा `munmap` केला असेल, तिथे वेगळीच फाइल जोडली असेल. झोपण्याआधी शोधलेली व्हीएमए आता भरवशाची नाही. म्हणून फाइलचा फॉल्ट हाताळणारं फंक्शन, `filemap_fault`, वरच्याला `VM_FAULT_RETRY` असं उत्तर देतं, आणि कर्नल पुन्हा सुरुवातीपासून लागतो: पत्ता घे, पट्टा शोध, परवानगी बघ, पेज कॅश बघ.

मला हा भाग सगळ्यात आवडतो. हार्डवेअरने इन्स्ट्रक्शनच्या बाबतीत जे केलं तेच कर्नल स्वतःच्या बाबतीत करतो. अर्धवट अवस्था सांभाळत बसण्यापेक्षा सगळं टाकून पुन्हा विचारणं त्याला स्वस्त आणि सुरक्षित वाटतं. मध्ये खरंच `munmap` झालं असेल तर दुसऱ्या फेरीत पट्टा सापडणार नाही आणि `SIGSEGV` जाईल, तेच योग्य उत्तर आहे.

दुसऱ्या फेरीत पेज कॅशमध्ये १२२ आहे. कर्नल पेज टेबलात नोंद करतो, आणि इथेही शेजारधर्म पाळतो: ६४ केबीच्या, म्हणजे १६ पेजांच्या, सरळ कप्प्यात जी पेजेस कॅशमध्ये तयार आहेत त्या सगळ्यांच्या नोंदी एकदमच करून टाकतो. १२२ ज्या कप्प्यात पडतं तो ११२ ते १२७. टीएलबी पुसायची गरज पडत नाही, कारण ‘हजर नाही’ अशी नोंद एक्स८६ टीएलबीत ठेवतच नाही.

बाहेर पडताना कर्नल आलेले सिग्नल आणि दुसऱ्याला सीपीयू द्यायचाय का ते बघतो, रजिस्टरं परत भरतो आणि `iretq` करतो. `rip` जिथल्या तिथे आहे. सीपीयू `movzbl` नव्याने मेमरीतून आणतो, नव्याने पत्ता काढतो, टीएलबीत सापडत नाही, पेज टेबल चालतो, या वेळी नोंद सापडते, २८८ वा बाइट `eax` मध्ये येतो. प्रोग्रामच्या दृष्टीने एक साधी इन्स्ट्रक्शन झाली. फक्त ती नॅनोसेकंदांऐवजी मिलिसेकंदांनी झाली.

हे स्वतः बघायचं असेल तर खऱ्या मजकुराची फाइल घ्या, आधी कॅश रिकामी करा:

```
sync
echo 3 | sudo tee /proc/sys/vm/drop_caches
```

मग प्रोग्राममध्ये प्रत्येक वाचनाच्या आधी आणि नंतर `getrusage` मधले `ru_minflt` आणि `ru_majflt` टिपून ठेवा. टिपून ठेवा, तिथल्या तिथे छापू नका. `printf` पहिल्यांदा चालताना स्वतःचे फॉल्ट घेतो आणि तुमचे आकडे बिघडवतो. आधी `p[500000]` वाचा: मेजर एकने वाढेल. मग १२५ वं पेज, `p[125*4096]`: ते आधीच जोडलेलं असल्यामुळे काहीच वाढणार नाही. मग १३४ वं: ते डिस्कवरून आलंय पण ११२-१२७ च्या बाहेर आहे, म्हणून मायनर एक. मग दूरचं, ५००० वं: पुन्हा मेजर. तुमच्याकडे आकडे वेगळे आले तर डिस्कचा `read_ahead_kb` बघा, काही ठिकाणी १२८ नसतो. मोठ्या आकाराच्या कॅशतुकड्यांनी वाचणाऱ्या फाइलसिस्टीमवरही खिडकी बदलू शकते.

कामात याचा उपयोग असा झाला. आमची एक सेवा ९ जीबीची सूची `mmap` करून वाचायची. दिवसभर उत्तरं झटपट, पण रोज पहाटे तासभर मोजक्या विनंत्या प्रचंड रेंगाळायच्या, सीपीयू मात्र निवांत. आम्ही दोन दिवस नेटवर्कला दोष दिला. शेवटी हे चालवलं:

```
ps -o pid,min_flt,maj_flt,stat,cmd -p PID
```

दिवसा `maj_flt` जवळजवळ हलत नव्हता, पहाटे सेकंदाला शेकड्यांनी वाढत होता. रात्रीचा बॅकअप सगळी डिस्क वाचायचा आणि आमची पेजेस कॅशमधून बाहेर ढकलली जायची. मेजर फॉल्टचा सगळ्यात वाईट गुण इथे कळतो: कोडमध्ये तो दिसत नाही. `read()` लिहिलेलं असतं तर ‘इथे डिस्क आहे’ हे डोळ्यांना दिसलं असतं. `p[i]` मध्ये काहीच दिसत नाही. आमच्या कोडमध्ये तर तो `p[i]` म्युटेक्स धरून वाचला जात होता, त्यामुळे एक थ्रेड डिस्कपाशी आणि बाकीचे पंधरा म्युटेक्सपाशी, अशी सगळी पंगत खोळंबत होती. वाचन म्युटेक्सच्या बाहेर काढलं आणि बॅकअपला स्वतःची वाचलेली पेजेस कॅशमधून सोडायला लावलं, पहाटेचा त्रास संपला.

‘अर्ध्यातून की पहिल्यापासून’ याला मात्र दोन अपवाद सांगायला हवेत, चलाख मुलाखतकार तिथेच पकडतो. एक, `rep movsb` सारख्या लांबलचक इन्स्ट्रक्शन. ती एकटीच मेगाबाइटभर मजकूर नकलू शकते. मध्येच फॉल्ट आला तर झालेलं टाकून देत नाहीत. किती बाकी आहे आणि कुठपर्यंत आलो हे रजिस्टरांमध्येच लिहिलेलं असतं, तेव्हा तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा सुरू झाली तरी काम उरलेल्या ठिकाणापासून होतं. दोन, मोटोरोलाचा इतिहास. त्यांच्या ६८००० प्रोसेसरवर मेमरीची चूक आली तर इन्स्ट्रक्शन पुन्हा सुरू करायला पुरेशी माहितीच साठवली जात नसे, त्यामुळे त्यावर अशी व्हर्च्युअल मेमरी धड करता येत नव्हती. ६८०१० मध्ये त्यांनी दुरुस्ती केली, पण वेगळ्या वाटेने: प्रोसेसरची आतली अर्धवट अवस्था स्टॅकवर ओतायची आणि परत आल्यावर खरोखर अर्ध्यातून पुढे जायचं. तेव्हा ‘अर्ध्यातून’ हे उत्तर अगदीच खोटं नाही, ते एका वेगळ्या घराण्याचं आहे.

आणि त्यांनी ‘एका इन्स्ट्रक्शनला किती फॉल्ट येऊ शकतात?’ असं विचारलं तर एक म्हणू नका. `movsq` घ्या. तिचे स्वतःचे दोन बाइट एका पेजच्या शेवटी आणि पुढच्याच्या सुरुवातीला पडू शकतात, ती ज्या आठ बाइटांवरून वाचते ते दोन पेजांवर, जिथे लिहिते ते आणखी दोन पेजांवर. सहा पेजेस, वाईटात वाईट सहा फॉल्ट, आणि प्रत्येक वेळी सुरुवात पहिल्यापासून. शेवटच्या प्रयत्नाच्या क्षणी सहाही पेजेस एकाच वेळी हजर असावी लागतात. एखाद्या प्रोसेसला पाचच फ्रेम दिल्या तर सहावं आणताना पहिलं जाईल आणि ती इन्स्ट्रक्शन कधीच पुरी होणार नाही. प्रत्येक प्रोसेसला किमान अमुक फ्रेम द्याव्याच लागतात, असं तुमच्या पुस्तकात पुढच्या प्रकरणात कुठेतरी असेल. त्यामागचं कारण हे आहे.